उलटी उधारी: आमच्या किराणा दुकानाच्या पॉइंट कार्डाच्या नोंदी

8 जुलै 2025, मंगळवार

आषाढीची गर्दी परवा संपली. साबुदाणा, भगर, शेंगदाणे सगळं हातोहात गेलं आणि बाबा खुशीत होते, म्हणून आज विषय काढला. बायपासवरच्या मोठ्या स्टोअरचं कार्ड आता आमच्या पेठेतल्याही अर्ध्या घरांत आहे. लोक महिन्याचा माल तिथून भरतात आणि आमच्याकडे येतात ते कोथिंबिरीसोबत लागणाऱ्या जिऱ्याच्या पुडीला. आपणही कार्ड काढू, असं मी म्हटलं. बाबांनी वहीतून मान वर न करता विचारलं, "देणार काय?"

मी म्हटलं, शंभराला पाच.

त्यावर त्यांनी वही मिटली.

10 जुलै

गेल्या तीन महिन्यांची खरेदीची बिलं घेऊन बसले. मी हिशेबनीस म्हणून दुसऱ्यांच्या वह्या लिहिते, पण स्वतःच्या घरच्या दुकानात कशावर किती सुटतं हे कधी मांडून पाहिलं नव्हतं.

सुटी तूरडाळ 108 ला पडते, 120 ला जाते. मसाल्याच्या पाकिटांत शंभरामागे बारा-तेरा राहतात, बिस्किटांत आठ-नऊ. पण सूर्यफूल तेलाची पिशवी 148 ला येते आणि 152 ला विकावी लागते. साखर पोत्याने घेऊन किलोने विकली तर किलोमागे दोन-अडीच रुपये दिसतात खरे, पण त्यात पोत्यामागची तूट आणि कागदी पिशवी धरलेली नसते. दुधाचं तर बोलायलाच नको.

सगळं एकत्र केलं तर आमच्याकडे शंभर रुपयांच्या विक्रीत साधारण नऊ राहतात. त्यातले पाच गाळ्याचं भाडं, लाईट, कामाच्या मुलाचा पगार आणि उंदीर-घुशींचा वाटा यात जातात. घरात येतात चार. शंभराला पाच द्यायचे म्हणजे गिऱ्हाइकाला एक रुपया वर देऊन माल घरी पोचवायचा. दोन दिले तरी निम्मी कमाई गेली.

एक रुपया जमेल. त्यावर बाबांचा खरा प्रश्न आला: "जो आत्ताही येतोच आहे, त्याला एक रुपया कशाला द्यायचा?"

11 जुलै

त्याचं उत्तर कागदावर काढलं. एक घर महिन्याला आपल्याकडून 3,000 चा माल नेतं असं धरू. नऊ टक्क्यांनी आपल्याला 270 राहतात. शंभराला एक दिला तर 30 गेले, उरले 240. हे 30 भरून काढायचे तर त्याच घराने आपल्याकडून आणखी किती घ्यायला हवं? जादा विक्रीवरही एक रुपया द्यायचाच आहे, म्हणजे शंभराला आठच उरतात. 30 भागिले 8, म्हणजे 375 रुपयांचा माल. 3,375 वर नऊ टक्के 303.75, त्यातून 33.75 गेले की बरोबर 270.

म्हणजे कार्डामुळे एका घराने महिन्याला पावणेचारशेचा माल जास्त नेला तर आपण जिथल्या तिथे. त्याच्या वर गेलं तर फायदा, खाली राहिलं तर खिशातून. पावणेचारशे म्हणजे पाच किलो आट्याची पिशवी आणि चहाचा एक पुडा. ह्या दोन गोष्टी आज ते घर बायपासवरून आणतं आहे.

बाबांनी कागद दोनदा वाचला. "आटा आणि चहा," एवढंच म्हणाले. पण कागद फाडला नाही, गल्ल्यात ठेवला.

15 जुलै

कशावर पॉइंट द्यायचे नाहीत यावर आज पूर्ण दुपार गेली. बाबांना तेल, साखर आणि दूध तिन्ही वगळायचं होतं. मी म्हटलं, किराणा दुकानात तेल-साखर वगळली तर गिऱ्हाईक काउंटरवर भांडेल आणि बरोबरच असेल. एक पिशवी तेल घेणारा सोबत डाळ, रवा, साबणही घेतो, त्या बिलात तेलाचा तोटा झाकला जातो. झाकला जात नाही तो तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात आणि साखरेच्या पोत्यात, कारण ते घेणारा दुसरं काही घेत नाही. म्हणून डबा आणि पोतं बाहेर, पिशवी आणि किलो आत. दूध बाहेर. खानावळवाल्या ताईंना आपण आधीच घाऊक भावाने देतो, त्यामुळे त्या भावाच्या मालावरही नाहीत.

दोन गोष्टी नफ्यासाठी नाही, कायद्यासाठी बाहेर ठेवल्या. तंबाखू-सिगारेटच्या जाहिरातीला आणि प्रसाराला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, तिथे पॉइंट देणं म्हणजे नसतं झेंगट. दुसरी बाळांची दुधाची पावडर. 1992 च्या कायद्यानुसार आईच्या दुधाऐवजी द्यायच्या पावडरीवर, दुधाच्या बाटलीवर आणि बाळाच्या डबाबंद आहारावर खप वाढावा म्हणून कसलंही आमिष देता येत नाही. हे बाबांना माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, अंगणवाडीतल्या मैत्रिणीमुळे.

18 जुलै

पॉइंट मोजायचे कसे? मला वाटलं होतं यात ठरवण्यासारखं काही नाही. शंभराला एक, बिल 190 चं असेल तर एक, वरचे नव्वद सोडून द्यायचे. सगळीकडे असंच असतं.

मग आई म्हणाली, शेजारच्या गल्लीतल्या काकू रोज येतात आणि थोडं थोडं नेतात, त्यांना काय मिळेल बघ. त्यांची गेल्या आठवड्याची खरेदी आईला तोंडपाठ होती. 85, 140, 260, 95, 70, 190, 60. बेरीज बरोबर 900.

दर बिलाला वरचे पैसे सोडले तर मिळतात 0, 1, 2, 0, 0, 1, 0. एकूण चार. आणि समोरच्या सोसायटीतले साहेब शनिवारी गाडी लावून एकदम 900 चं बिल करतात, त्यांना नऊ. माल तेवढाच, पैसे तेवढेच, आणि रोज येणारीला निम्म्याहून कमी. ज्यांच्या हातात एकदम पैसे नसतात तेच रोज थोडं नेतात, आणि तेच आपलं खरं गिऱ्हाईक. बायपासवर त्या जाणारच नाहीत, रिक्षालाच साठ रुपये लागतात.

ठरलं: वरचे पैसे सोडायचे नाहीत, पुढच्या बिलात धरायचे. कार्डाची एकूण खरेदी जशी शंभराचा टप्पा ओलांडेल तसा पॉइंट पडेल.

20 जुलै, रविवार

दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर शीट बनवली. पॉइंटचं सॉफ्टवेअर विकणारा एक जण महिन्याला जेवढे मागत होता तेवढ्यात कामाच्या मुलाचे चार दिवस भरले असते. नको.

A मध्ये कार्ड क्रमांक, B मध्ये तारीख, C मध्ये पॉइंट लागू होणारी रक्कम, D मध्ये वापरलेले पॉइंट. बाजूला G2 मध्ये कार्ड क्रमांक टाकला की शिल्लक दिसते:

```
=INT(SUMIF(A:A,G2,C:C)/100)-SUMIF(A:A,G2,D:D)
```

आधी त्या कार्डाची सगळी खरेदी एकत्र करायची, मग शंभराने भागून पूर्ण आकडा घ्यायचा. हाच क्रम महत्त्वाचा. INT प्रत्येक बिलाला लावला की काकूंचे पुन्हा चारच होतात. माल परत आला तर C मध्ये वजा रक्कम टाकायची, पॉइंट आपोआप उतरतो.

उधारीचा प्रश्न बाबांनी एका वाक्यात सोडवला. "पैसे येतील त्या दिवशी लिही." माल नेला त्या दिवशी पॉइंट दिला असता तर लोकांनी उधारी न फेडताच पॉइंट वापरले असते. आता उलट होईल, फेडल्याशिवाय पॉइंट नाही. चहा पिताना ते पुढे म्हणाले, "म्हणजे ही उलटी उधारीच की. लोक आपल्याकडे ठेवतात आणि आपण त्यांचं देणं लागतो." मी सहा दिवस जे समजावायला धडपडत होते ते त्यांनी बशीत चहा ओतता ओतता सांगून टाकलं.

24 जुलै

राहिलेले नियम पटकन. 50 पॉइंट झाल्यावरच वापरता येतील, 50 पॉइंट म्हणजे बिलात 50 रुपये कमी. 620 च्या बिलात 50 वापरले तर 570 द्यायचे आणि नवीन पॉइंट त्या 570 वरच. रोख बदली नाही. कर सल्लागार म्हणाले, वजावट त्याच बिलावर सवलत म्हणून स्पष्ट दाखवा, वेगळ्या चिठ्ठीवर नको.

मुदतीवर घासाघीस झाली. मी दिवाळी म्हटलं होतं, बाबा जवळजवळ ओरडलेच. दिवाळीआधी सगळा पैसा रवा, मैदा, डाळं, तूप यांत अडकलेला असतो, त्यात सगळे एकदम पॉइंट घेऊन आले तर होलसेलवाल्याला काय देणार? 31 मार्च ठरलं. हिशेबाचं वर्षही तेव्हाच संपतं, आणि त्या सुमारास लोक वर्षाचा मसाला करायला मिरची, धने, खोबरं नेतात. त्यात वापरतील. मसाल्याच्या मालात आपल्यालाही जरा जास्त सुटतं.

मोबाईल नंबर मागायचा की नाही? मागायचा नाही. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका असं ग्राहक व्यवहार मंत्रालयाने दुकानदारांना मे 2023 मध्येच कळवलं आहे. शिवाय मला नंबरचं करायचंय काय? कार्डाला क्रमांक आहे, तो पुरे. कार्ड हरवलं तर शोधायला सोपं जावं म्हणून ज्यांना द्यायचा असेल त्यांनी द्यावा.

1 ऑगस्ट, शुक्रवार

कार्ड सुरू. श्रावणातला दुसरा शुक्रवार. चणे-गूळ न्यायला सकाळपासून बायका येणार हे माहीत होतं, म्हणूनच हा दिवस धरला. दुपारपर्यंत 19 कार्डं गेली.

संध्याकाळी तमाशा. निवृत्त मास्तर कार्ड घेऊन परत आले. "640 चा माल नेला, 640 पॉइंट कुठे आहेत?" मी कार्ड त्यांच्याकडून घेऊन बघितलं. छापलं होतं: 1 पॉइंट = 1 रुपया. मला म्हणायचं होतं की एका पॉइंटची किंमत एक रुपया. त्यांनी वाचलं की एक रुपया खर्चला की एक पॉइंट. दोन्ही वाचनं तितकीच सरळ आहेत. तीनशे कार्डं छापून झालीत.

आणखी चार जणांना विचारलं. तिघांनी मास्तरांसारखंच वाचलं.

3 ऑगस्ट

स्टिकर छापून आणले, कार्डावर चिकटवायला आईला बसवलं. मजकूर कितीदा बदलला याची गणती नाही. मी लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात "पात्र खरेदीवर" असा शब्द होता. आई म्हणाली, पात्र म्हणजे नाटकातलं का?

शेवटी आईने जे तोंडी सांगितलं तेच छापलं:

*100 रुपयांचा माल नेला की तुमचा 1 रुपया आमच्याकडे जमा. थोडं थोडं नेलं तरी चालेल, आम्ही बेरीज करतो. 50 रुपये जमले की पुढच्या बिलात वापरा. 31 मार्चपर्यंत.*

"पॉइंट" हा शब्दच त्यात नाही. लोक बोलताना पॉइंटच म्हणतात, म्हणू देत. पण "जमा" म्हटल्यावर कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पिग्मीवाला दारात येणाऱ्या पेठेत जमा म्हणजे काय हे कुणाला सांगायला लागत नाही. कशावर मिळत नाही ते मागे: दूध, तेलाचा डबा, साखरेचं पोतं, घाऊक भावाचा माल, तंबाखू-सिगारेट, बाळांची दुधाची पावडर, बाटली आणि डबाबंद आहार.

मास्तरांना पहिलं स्टिकरवालं कार्ड नेऊन दिलं. त्यांनी "आमच्याकडे" च्या जागी "दुकानाकडे" हवं असं सुचवलं.

19 ऑगस्ट

शीट चाळताना कार्ड 41 वर नजर अडली. एका दिवसात सात बिलं, आदल्या दिवशी पाच. एवढ्या वेळा एका घरातून कोण येईल?

हा प्रकार मी दुसऱ्यांच्या वह्यांत पाहिला आहे. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांची बिलं काउंटरवरचा माणूस स्वतःच्या किंवा ओळखीच्या कार्डावर चढवतो. चोरी म्हणावी तर गल्ल्यातला एक पैसा कमी होत नाही, म्हणून रात्रीच्या मोजणीत ती सापडत नाही. सापडते ती फक्त अशीच: एका कार्डावर दिवसात खूप बिलं आणि त्या बिलांत एकमेकांशी मेळ नसलेला माल. 41 वर एकाच दुपारी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कपड्यांची पावडर आणि तीन वेळा मीठ होतं.

माझा संशय कामाच्या मुलावर गेला. लिहायला लाज वाटते, पण गेला. संध्याकाळी विचारणार तेवढ्यात आईच म्हणाली, "ते होय, 41 आपल्या मागच्या आजींचं. लोक कार्ड विसरून येतात, त्यांचं मी आजींच्या नावावर टाकते. वाया कशाला घालवायचं?"

आजींच्या नावावर 38 पॉइंट जमले होते. तिला समजावलं की वाया जात नाही, न दिलेला रुपया आपल्याकडेच राहतो. ती म्हणाली, तेच तर, आपल्याकडे कशाला.

आजींचे 38 तसेच ठेवले. यापुढे विसरणाऱ्याने सात दिवसांत बिल दाखवावं, चढवून देऊ. मुलाला मी काही बोलले नाही हे बरं झालं.

28 ऑगस्ट

काल गणपती बसले. गूळ, खोबरं, तांदळाची पिठी, तूप. कार्ड लिहायला फुरसत नव्हती, बिलांच्या पाठीवर क्रमांक टाकून ठेवले आणि रात्री चढवले. दोन क्रमांक वाचता आले नाहीत.

23 सप्टेंबर

कालपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, केसांचं तेल 18 वरून 5 वर आलं. 118 ची वस्तू 105 वर आली, म्हणजे शंभरामागे साधारण अकरा रुपये कमी. लोक खूश. पण त्याच मालावर जमाही तेवढीच कमी होणार. 500 ची ही खरेदी आता 445 च्या आसपास येते, पाचऐवजी साडेचारही भरत नाहीत. एका ताईंनी आज विचारलंच, "पॉइंट कापले का?" दोन्ही बिलं शेजारी ठेवून दाखवली. बिलात 55 वाचले आणि अर्धा पॉइंट गेला, असं म्हटल्यावर हसल्या.

आमचं मात्र टक्का तोच आणि रुपये कमी. हे पुढे बघावं लागेल.

30 सप्टेंबर

दोन महिन्यांचा हिशेब. 74 कार्डं वापरात आहेत, नेलेली जास्त, पण नुसती नेऊन ठेवलेली मोजत नाही. त्यांच्यावर 2,86,400 ची खरेदी. पडलेले पॉइंट 2,827, वापरलेले 950, देणं 1,877. शंभराने भागून 2,864 यायला हवेत, मग 37 कुठे गेले असं बाबांनी विचारलं. कुठेच नाहीत. प्रत्येक कार्डावर शंभराच्या आतले काही रुपये पुढच्या बिलाची वाट बघत आहेत.

आता तो पावणेचारशेचा प्रश्न. खरं सांगायचं तर उत्तर पूर्ण देता येत नाही. जुलैआधी कोण किती नेत होतं हे आपण लिहिलेलंच नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती आल्याने विक्री तशीही वाढते. फक्त 16 घरं अशी आहेत ज्यांची महिन्याची उधारी असायची, त्यांचं जुनं वहीत आहे. गेल्या वर्षीच्या याच दोन महिन्यांशी ताडून पाहिलं. त्यातली 9 घरं पावणेचारशेच्या वर गेली, 4 जवळपास तिथेच आहेत, 3 कमी झाली, पैकी एक घर पुण्याला गेलं. भाव वर्षात बदलले तेही यात आलंच. यावरून कार्ड चालतं असं मी म्हणणार नाही. वर गेलेल्या 9 पैकी 6 घरांच्या बिलात आटा नव्याने दिसतो, एवढं म्हणेन.

न ठरवता झालेली गोष्ट वेगळीच. या 16 पैकी 11 घरं आता महिना संपायच्या आत उधारी फेडतात. आधी दहा-बारा तारखेपर्यंत वाट बघावी लागायची. पैसे दिल्याशिवाय जमा होत नाही, हे त्यांना स्टिकरशिवाय कळलं.

8 ऑक्टोबर

रोज येणाऱ्या काकूंचे 50 झाले. मला वाटलं तेल घेतील. त्यांनी 50 रुपयांचे काजू मागितले. सुटे, मोजून. "घरच्या पैशाने कधी घेतले नसते," म्हणाल्या. वजनात थोडेच आले, बाबांनी दोन वर टाकले.

ते दोन शीटमध्ये कुठे लिहायचे हे मी विचारलं नाही.

22 ऑक्टोबर, पाडवा

सकाळी वहीपूजन. हळद-कुंकू, पानावर श्री. बाबा अजूनही लाल वहीच वापरतात, लॅपटॉपवर माझा भरवसा आहे तेवढा त्यांचा नाही. पहिल्या पानावर कुणाकडून किती येणं ते दरवर्षीप्रमाणे उतरवलं. मग पेन थांबलं आणि मला विचारलं, "आजचा आकडा किती?"

2,214, मी सांगितलं.

त्यांनी जमेच्या बाजूला लिहिलं: *गिऱ्हाइकांचे, कार्डावर, 2,214.* मग गल्ल्यातून तेवढे पैसे काढून एका पाकिटात घातले, वर दोरा बांधला आणि पाकीट लक्ष्मीच्या फोटोमागे ठेवलं. नियमात हे नव्हतं. 31 मार्चपर्यंत तिथेच राहील म्हणाले, त्यातूनच द्यायचं.

दुपारी आजी आल्या, कार्ड 41. त्यांचे 63 झालेत. वापरायचे का विचारलं, तर म्हणाल्या, राहू दे जमा.

शीटमध्ये अजून करायचं: 1 एप्रिलला शिल्लक शून्य कशी करायची ते सूत्रात नाही. सगळी खरेदी पहिल्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे संपलेले पॉइंट D मध्ये वापरले म्हणून चढवावे लागतील, कार्डामागे एक ओळ. आणि दोरा बांधलेल्या पाकिटात काय उरलं तर त्याचं काय करायचं, ते बाबांना विचारायचं आहे.